वैयक्तिक कारणास्तव

विद्यापीठात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही. तळमजल्यावरच्या रजा विभागात बावीस वर्षांपूर्वी बसले, तेव्हापासून मी रजाताई. किरकोळ रजा, अर्जित रजा, बाळंतपणाची रजा, दुखण्याची रजा, सगळ्या माझ्या टेबलावरून जातात. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाच्या घरी खाट रिकामी झाली, हे सख्ख्या शेजाऱ्याच्या आधी मला कळतं. आणि मी स्वतः रजा घेतली की लोक म्हणतात, "आता रजाच रजेवर गेली!" हा विनोद बावीस वर्षं टिकलाय. माणसं टिकली नाहीत.

भूगोलाच्या बाई त्या दिवशी आल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्या नद्यांच्या अभ्यासक. नदी कुठे वळते, का वळते, वळताना कोणती माती नेते आणि कोणती टाकते, हे त्या असं शिकवायच्या की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकायची. त्यांच्यामागून मास्तर आले. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते दाराच्या चौकटीला हात लावून क्षणभर थांबले आणि मग आत आले. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

"रजाताई," बाईंनी अर्ज पुढे ठेवला. "सबॅटिकल. या वेळी घेतेच."

"बाई, हे चौथ्यांदा म्हणताय."

"तीनदा म्हटलं ते हिच्या विभागासाठी," मास्तर म्हणाले. "चौथ्यांदा म्हणतेय ते माझ्यासाठी. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, आता कुठे माझा नंबर लागला."

"अहो, बसा तरी."

"खुर्ची कुठेय ते सांग आधी."

बाईंनी त्यांचा हात धरून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मी हसू आवरलं, कारण मला वाटलं मास्तर गंमत करतायत.

अर्जाला योजना जोडली होती. अठरा पानं. एका नदीचा उगमापासून मुखापर्यंत अभ्यास. मजकूर बाईंचा, रेखाचित्रं मास्तरांची. प्रत्येक वळणाचं एक चित्र, एकूण एकशे चाळीस वळणं. कॅमेऱ्याला सगळं सारखंच दिसतं, हाताला कळतं कोणता काठ खचतोय आणि कोणता भरतोय, असं बाईंनी लिहिलं होतं. मी बावीस वर्षांत पुष्कळ योजना वाचल्या आहेत. रजा हवी म्हणून पुस्तक सुचलेले लोक असतात. हे पुस्तक तसं नव्हतं. ते अकरा वर्षं रजेची वाट बघत होतं.

सबॅटिकल म्हणजे काय हे मी दर वर्षी नव्या प्राध्यापकांना समजावते, कारण अर्ध्यांना ती पगारी सुट्टी वाटते. ती सुट्टी नव्हे. सहा वर्षं सलग नोकरी झाली की माणसाने शिकवणं बाजूला ठेवावं आणि स्वतःचा अभ्यास करावा, यासाठी विद्यापीठ त्याला जास्तीत जास्त एक वर्ष देतं. पगार चालू, नोकरीही चालू धरतात. मात्र दुसरीकडे चाकरी करायची नाही, परत आल्यावर काय केलं त्याचा अहवाल द्यायचा आणि आणखी दोन वर्षं इथेच शिकवायचं, म्हणजे वर्षभरात जे साठवलं ते मुलांना मिळतं. मूळ कल्पना जुनी आहे म्हणतात. सहा वर्षं पेरलेल्या जमिनीला सातव्या वर्षी मोकळं सोडायचं. नांगर नाही, पेरणी नाही, नुसतं ऊन खायचं आणि आभाळ बघायचं.

मास्तरांना ही गोष्ट फार आवडायची. बाईंना ते 'माझं शेत' म्हणायचे. "इतकी वर्षं झाली, शेताला उसंत नाही," असं गेल्या खेपेला म्हणाले होते.

मी फाइल काढली, सेवेच्या तारखा बघितल्या, आणि माझं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाई, तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?"

"दोन वर्षं सात महिने."

एक वर्ष रजा आणि दोन वर्षं परतीची सेवा, मिळून तीन. बाईंकडे पाच महिने कमी होते. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर सबॅटिकल नाही, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं आहे. बाईंना ते ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? नद्यांचे नियम त्यांना पाठ होते, रजेचे नियम पाठ करायला मी होते.

मी बोलायच्या आधी मास्तरच बोलले. "रजाताई, जरा लवकर होईल तर बघा. डॉक्टर म्हणालेत, वर्षभर धरा, जास्त धरू नका."

"कशाचं वर्ष, मास्तर?"

"डोळ्यांचं," ते म्हणाले, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतायत. "पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेकडेनं दिसतं, मधे धूर. अजून पेन्सिल धरता येते. तोवर नदी आटपून घेऊ म्हणतो."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

---

नियमाला एक खिडकी होती. पोटकलम चार: विद्यापीठाने स्वतःच्या गरजेसाठी लेखी कळवून रजा पुढे ढकलायला लावली असेल, तर त्या माणसाला परतीच्या सेवेची अट शिथिल करता येते. आणि बाईंना विद्यापीठाने एकदा नव्हे, तीनदा थांबवलं होतं. हे साऱ्या इमारतीला माहीत होतं. पहिल्यांदा विद्यापीठाच्या मूल्यांकनाला समिती येणार होती. दुसऱ्यांदा विभागातले दोघे एकदम रजेवर गेले, एक बाळंतपणाच्या आणि एक दुखण्याच्या. तिसऱ्यांदा बाईंनाच विभागप्रमुख केलं.

"होईल बाई," मी म्हटलं. "तुम्ही थांबा. मी टिपण लिहिते. रजांची समिती तिमाहीला एकदा बसते, पण तुमचं प्रकरण सरळ आहे."

ते दोघं गेल्यावर मी जुनी फाइल उघडली. तीन अर्ज होते आणि प्रत्येक अर्जामागे तो मागे घेतल्याचं एकेक पत्र. तिन्ही पत्रं मास्तरांच्या हातची. त्या अक्षराची आमच्या विभागात नवलाई होती. अनुस्वार म्हणजे जणू टेकवलेला मोहरीचा दाणा, वेलांटी म्हणजे पाण्यात पडलेली कमान. आमचा शिपाई ती पत्रं सगळ्यांना दाखवत फिरायचा. बाईंना कार्यालयीन पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून मास्तर लिहायचे आणि बाई खाली सही करायच्या.

तिन्ही पत्रांत एकच ओळ होती. 'वैयक्तिक कारणास्तव मी माझा सबॅटिकल रजेचा अर्ज मागे घेत आहे.'

वैयक्तिक कारणास्तव.

ती ओळ मास्तरांची नव्हती. बाईंचीही नव्हती. ती माझी होती.

अकरा वर्षांपूर्वी बाई याच टेबलाशी उभ्या होत्या. विभागप्रमुखांनी फोनवर सांगितलं होतं, "या वर्षी नको, पुढच्या वर्षी नक्की." बाईंनी मला विचारलं होतं, "पत्रात काय लिहू?" आणि मी, घाईत, कपातला चहा निवत होता म्हणून, सांगितलं होतं, "बाई, विभागाची गरज वगैरे लिहिलंत तर प्रमुखांचा शेरा लागेल, अधिष्ठात्यांचा शेरा लागेल, कुलसचिवांकडून लेखी यावं लागेल. महिनाभर फाइल फिरेल. सरळ 'वैयक्तिक कारणास्तव' लिहा. संध्याकाळपर्यंत मोकळ्या."

आमच्याकडे सगळेच तसं लिहितात. रजा मागताना वैयक्तिक कारण, रजा सोडतानाही वैयक्तिक कारण. कोणाला दुखवायला नको, कोणाचा शेरा नको. त्या दोन शब्दांखाली मी बावीस वर्षं लोकांची लग्नं, भांडणं, मरणं लपवत आले. पण विद्यापीठाची गरजही त्याखाली लपवली, आणि लपवलेलं पुन्हा काढता येत नाही हे मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना बोलावलं. एकट्यांनाच. तिन्ही पत्रं समोर ठेवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढला.

"ही ओळ मी सांगितली होती," मी म्हटलं.

"हो, आठवतंय."

"तुम्ही मला काहीतरी बोला, बाई."

"काय बोलू?" त्या म्हणाल्या. "सही माझी आहे. अक्षर त्यांचं आहे." मग पत्रावरून बोट फिरवत म्हणाल्या, "केवढं सुरेख लिहायचे, नाही? परवा भाजीची यादी लिहून दिली. एक ओळ दुसरीवर चढली होती. मी म्हटलं, दिवा मंद आहे."

जाताना त्या दारात थांबल्या. "ताई, एवढं करा. या पत्रांचं यांना कळू देऊ नका. त्यांना वाटतंय, त्यांच्या अक्षरामुळेच माझी फाइल इतकी वर्षं शोभून दिसते."

---

मी टिपण लिहिलं. आयुष्यात इतकं लांब टिपण लिहिलं नव्हतं. तिन्ही वर्षांचे कामाचे आदेश जोडले, मूल्यांकनाच्या तारखा जोडल्या, बाईंच्या प्रमुखपदाचं पत्र जोडलं. तेव्हाच्या विभागप्रमुखांना, जे आता निवृत्त होऊन मुलीकडे राहतात, फोन केला. त्यांनी चार ओळींचं पत्र पाठवलं: होय, मीच थांबायला सांगितलं होतं. आणि शेवटी मी लिहिलं, 'वैयक्तिक कारणास्तव हे शब्द अर्जदाराने या कार्यालयाच्या तोंडी सल्ल्यावरून लिहिले.' खाली माझी सही केली.

समितीची बैठक अकरा आठवड्यांनी होती. त्या अकरा आठवड्यांत बाई दोनदा आल्या. पहिल्यांदा मास्तर सोबत होते आणि चौकटीला हात न लावता आले, कारण बाईंनी त्यांचा दंड धरला होता.

"काय रजाताई," ते माझ्या दिशेने बघून म्हणाले. थोडं माझ्या डावीकडे बघून. "तुमच्या समितीला सांगा, नदी काही रजा घेत नाही. ती निघून जायची."

"सांगते, मास्तर."

"आणि तुमचा चेहरा का उतरलाय?"

"तुम्हाला कुठे दिसतोय?" माझ्या तोंडून निघून गेलं.

ते मोठ्याने हसले. "कडेनं दिसतो ना! सरळ बघितलं की माणूस नाहीसा होतो, तिरकं बघितलं की सापडतो. आता मी हिच्याकडेसुद्धा तिरकंच बघतो. हिला वाटतं मी रागावलोय."

बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्यांदा त्या एकट्या आल्या आणि विचारलं, "दुसरी कुठली रजा नाही का हो?"

मी सगळ्या मोजून दाखवल्या. अर्जित रजा शिल्लक होती अडतीस दिवस, आणि तीही सत्र चालू असताना सलग मिळणार नव्हती. बिनपगारी रजा मिळाली असती, पण बदली शिक्षक मिळेपर्यंत नाही, आणि बदली शिक्षकाची जाहिरातच निघाली नव्हती. घरच्या माणसाच्या आजारपणाची रजा माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर. मास्तर तर चालत होते, हसत होते, चहाला आणखी साखर मागत होते. "आणि राजीनामा?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "त्यालाही तीन महिन्यांची नोटीस लागते. पण ते कशाला? थांबा थोडं. समिती नाही म्हणणार नाही."

थांबा थोडं. हे मी दुसऱ्यांदा सांगितलं. आधी घाईत सांगून बुडवलं, मग धीर देऊन बुडवलं.

बैठकीच्या दिवशी मी फाइल घेऊन भिंतीशी उभी होते. लांब टेबल, पाण्याचे झाकलेले पेले, सहा माणसं. कुलसचिवसाहेब वाईट माणूस नाहीत. माझं टिपण त्यांनी सगळं वाचलं, मधे दोनदा मागे जाऊन वाचलं.

"योजना उत्तम आहे," ते म्हणाले. "याबद्दल कोणाचं दुमत?"

कोणाचंच नव्हतं.

"पण पोटकलम चार म्हणतं लेखी. विद्यापीठाने लेखी थांबवलेलं. इथे लेखी आहे ते उलट आहे."

"साहेब, ते मी सांगितलं म्हणून लिहिलं," मी म्हटलं. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं.

"टिपणात वाचलं मी ते."

"मग?"

"मग काय, ताई? तोंडी सांगितलेल्याने लेखी खोडलं जात नाही. उद्या प्रत्येक जण येईल आणि म्हणेल, मला तोंडी थांबवलं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "खरंच थांबवलेलं असतं, त्यातल्या निम्म्यांना. मला माहीत आहे. म्हणूनच तर करता येत नाही."

शेवटच्या ओळीत लिहिलं गेलं: 'पात्रतेअभावी अर्ज अमान्य. योजना प्रशंसनीय.' प्रशंसनीय हा शब्द घालायचा आग्रह साहेबांनीच धरला.

मी बाईंना फोनवर सांगितलं. त्यांच्या मागून मास्तरांचा आवाज आला, "कोणाचा गं? रजाताईंचा? झालं का?" आणि बाईंनी फोनवर हात ठेवला नाही, म्हणून मला ऐकू आलं. "हो हो," त्या म्हणाल्या, "झालं. निघायचंच आपण."

त्याच दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीची नोटीस दिली. या वेळी पत्र संगणकावर टाइप केलेलं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, वैयक्तिक. आणि या वेळी ते खरं होतं.

---

तीन महिने नोटिशीचे. नोटीस संपली तेव्हा सत्र संपायला सहा आठवडे उरले होते. मुलांना अर्ध्यावर टाकणं बाईंना जमलं नाही. शिवाय त्यांच्या हाताखालच्या दोन संशोधक मुलींना दुसऱ्या मार्गदर्शकांकडे सोपवायचं होतं. समितीच्या अकरा आठवड्यांत हे मिळवा, म्हणजे सात महिने होतात. डॉक्टरांनी दिलेल्या वर्षातून सात महिने विद्यापीठाने खाल्ले. उरलेले पाच आजाराने खाल्ले, आणि तेही त्या सात महिन्यांच्या आतच; डोळे डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा लवकर गेले.

दोघं नदीवर गेले आणि दोन महिन्यांनी परत आले. मग मी त्यांच्या घरी गेले. निवृत्तीच्या कागदांवर एक सही राहिली होती, असं मी सांगितलं. ती टपालानेही झाली असती.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दारापासून खुर्चीपर्यंत भिंतीला एक दोरी बांधलेली. मास्तर दोरी न धरता आले, माझा आवाज ऐकून.

"या रजाताई! चहा घेणार ना? आमच्या शेताला अखेर सुट्टी मिळाली बघा."

"नदी कशी होती, मास्तर?"

"नदी?" ते म्हणाले. "थांबा, दाखवतो."

त्यांनी टेबलावर हात फिरवून चित्रवही शोधली. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात चहाची गाळणी तशीच.

मी पानं उलटत गेले. पहिलं वळण, दुसरं वळण, विसावं वळण. प्रत्येक पानावर दोन काठ होते. डावीकडचा काठ आणि उजवीकडचा काठ. रेघा एकमेकींवर चढलेल्या, तरी काठ खरे होते. उघडी पडलेली मुळं, खचलेली माती, एक बांधलेली होडी, कोणीतरी धुऊन वाळत टाकलेलं कापड. आणि दोहोंच्या मधे काही नाही. पांढरा कागद. सगळ्या वहीत पाण्याची एक रेघ नव्हती.

"पाणी दिसत नव्हतं," मास्तर म्हणाले. "समोर बघायचो तर धूर. ही म्हणाली, मी सांगते तसं काढा. इथे भोवरा आहे, इथे उथळ आहे. मी म्हटलं, नको. न बघता काढलेलं पाणी खोटं पडतं. तू लिहिशील ना पाण्याचं? मग मधली जागा तुझ्यासाठी सोडतो."

"लिहिलंत का, बाई?" मी विचारलं.

बाई गाळणी घेऊन चहाकडे वळल्या.

एकतिसाव्या वळणानंतर पानं कोरी होती. काठसुद्धा नव्हते.

सही झाली. मी उठले. मास्तर म्हणाले, "रजाताई, एक काम होतं. हिच्या फाइलीत माझ्या हातची तीन पत्रं असतील. जुनी, अर्ज मागे घेतल्याची. आता तर फाइल बंद झाली. त्यातलं एखादं मिळेल का मला? मला वाचता यायचं नाही, पण घरात असावं वाटतं. तसं अक्षर आता यायचं नाही माझ्या हातून. हिला चांगली आठवण म्हणून राहील."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं.

बावीस वर्षं मी लोकांना नियम सांगत आले. त्या पत्राची नक्कल काढून द्यायला कुठलाही नियम आड येत नव्हता. एक अर्ज, एक सही, दहा मिनिटांचं काम.

"फाइलीतलं काही बाहेर देता येत नाही, मास्तर," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम, नाही का?" आणि माझ्या डावीकडच्या रिकाम्या हवेला त्यांनी हात जोडले.